पीळ सुटला की काय होते?

अकोल्याहून वाशीमच्या रस्त्याला लागले की घाट चढण्याआधी पातूर येते. तिथल्या एका दुमजली शाळेत वरच्या मजल्यावरचा संगणक कक्ष आणि खालच्या कार्यालयातला स्विच यांच्यामध्ये सत्तरेक मीटर केबल टाकलेली होती. केबल नवी, नामांकित कंपनीची, खोक्यावर कॅट-६ छापलेले. स्विचवर दिवा लागायचा. छोटी पाने उघडायची, मोठी फाइल अर्ध्यात अडकायची आणि शासनाच्या पोर्टलवर फोटो चढवताना चाक फिरतच राहायचे. गिगाबिटचा स्विच असून जोडणी शंभर मेगाबिटवर यायची आणि तीही अडखळत. स्विच बदलून झाला, संगणकातले नेटवर्क कार्डही बदलून झाले. काम केलेल्या मुलाचे म्हणणे सरळ होते : "सर, टेस्टरवर आठही लाइट लागून राह्यले, मंग वायरिंगमधी फॉल्ट कसा राहीन?"

तारा जोडलेल्या होत्या, त्या कुठेही तुटल्या नव्हत्या. तरीही केबल निकामी होती. हे कसे घडते ते कळले की केबलीतल्या तारांना पीळ का देतात, कॅट-५ई, कॅट-६, कॅट-६ए या श्रेण्या कशाच्या जोरावर वेगळ्या ठरतात आणि त्यांची मर्यादा नेमकी कुठे संपते, हा सगळा प्रश्न उलगडतो.

प्रश्न टेलिफोनइतकाच जुना आहे. २८ जानेवारी १८८२ रोजी मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथे टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाली. त्या काळात जगभर बहुतेक ठिकाणी एका फोनला एकच तार असे, परतीचा प्रवाह जमिनीतून जाई. अशा दोन तारा एकाच खांबावरून शेजारी शेजारी गेल्या की एकाचे बोलणे दुसऱ्याच्या कानात उतरे. यालाच क्रॉसटॉक म्हणतात. ग्रॅहॅम बेलने १८८१ मध्ये घेतलेल्या एका पेटंटमध्ये यावरचा उपाय होता : परतीसाठी दुसरी तार घ्यायची आणि दोन्ही एकमेकींभोवती पिळायच्या. खांबांवरच्या उघड्या तारा पिळता येत नाहीत, म्हणून तिथे ठरावीक खांबांवर दोन तारांच्या जागांची अदलाबदल करत. हाही पीळच, फक्त शेकडो मीटरला एक. रेल्वेने याचा दुसरा टप्पा पाहिला. रुळांवर २५ हजार व्होल्टची तार आली की शेजारच्या खांबांवरच्या उघड्या तारांमध्ये इतका विद्युतदाब उपजतो की जागांची अदलाबदल पुरत नाही. म्हणून विद्युतीकरण झालेल्या मार्गांवर बोलण्याच्या तारा जमिनीखालच्या पिळलेल्या केबलीत गेल्या.

पीळ नेमके काय करतो? केबलीतल्या एका जोडीत संदेश जातो तेव्हा एका तारेतून जेवढा प्रवाह पुढे जातो, तेवढाच दुसरीतून मागे येतो. दोघींची चुंबकीय क्षेत्रे उलट दिशेची असल्यामुळे लांबून पाहिले तर ती एकमेकांना खोडतात. शेजारची जोडी मात्र लांब नसते, मिलिमीटरभर अंतरावर असते. तिला या दोन तारांपैकी एक जवळ आणि दुसरी थोडी दूर पडते. जवळचीचा प्रभाव जास्त, दूरचीचा कमी, आणि ही तफावत म्हणजेच गळती. तारा सरळ असतील तर जवळची तार शेवटपर्यंत जवळच राहते आणि गळती मीटरामागून मीटर साठत जाते. पीळ दिला की अर्ध्या पिळानंतर जवळची दूर होते आणि दूरची जवळ येते. पहिल्या अर्ध्या पिळात जो दाब उपजला त्याच्या उलट दाब पुढच्या अर्ध्यात उपजतो. दोन्ही एकमेकांना खोडतात.

यातली दुसरी बाजू ऐकणाऱ्या टोकाची आहे. स्विचमधला रिसीव्हर एकेका तारेचा दाब पाहत नाही, दोन तारांमधला फरक पाहतो. बाहेरून आलेला गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच बसला तर वजाबाकीत तो निघून जातो. पिळामुळे दोन्ही तारा बाहेरच्या प्रत्येक गोष्टीपासून सरासरी सारख्याच अंतरावर राहतात, म्हणून गोंगाट सारखाच बसतो. भिंतीतून लाइटची वायर शेजारून गेली म्हणून नेट बिघडले, असे आपल्याकडे फार सहज म्हटले जाते. सुरक्षिततेसाठी दोन्ही वेगळ्या पट्टीतून न्यायलाच हव्यात. पण पन्नास हर्ट्झचा तो गोंगाट पिळलेली जोडी सहज पचवते. बहुतेक इमारतींत केबलीचा खरा वैरी तिच्याच आवरणात, तिच्याच इतर तीन जोड्यांमध्ये असतो.

इथे एक बारकावा महत्त्वाचा आहे. चारही जोड्यांना एकसारखा पीळ दिला तर काय होईल? दोन जोड्या पावलात पाऊल टाकून चालतील. पहिलीतली जवळची तार नेहमी दुसरीतल्या त्याच तारेसमोर येईल आणि पीळ असूनही गळती साठत राहील. म्हणून प्रत्येक जोडीचा पीळ वेगळ्या लांबीचा ठेवतात. एका सामान्य कॅट-५ई केबलीत दीड ते दोन सेंटीमीटरला एक वेढा येतो. केबलीचा हातभर तुकडा सोलून पाहिला तर साध्या डोळ्यांनाही दिसते की एक जोडी घट्ट आहे, दुसरी सैल. याची किंमतही मोजावी लागते. घट्ट पिळाच्या जोडीत तांबे जास्त लांब असते, त्यामुळे तिच्यातला संदेश थोडा उशिरा पोहोचतो. शंभर मीटरच्या मार्गात चार जोड्यांमधली ही तफावत पन्नास नॅनोसेकंदांच्या आत राहावी असा नियम आहे, कारण गिगाबिटमध्ये चारही जोड्यांवरचे तुकडे दुसऱ्या टोकाला एकत्र जुळवावे लागतात.

आता पातूरच्या शाळेतली केबल. पारदर्शक आरजे-४५ प्लगमधून रंग बघितले तेव्हा ते असे होते : पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, हिरवा, पांढरा-निळा, निळा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दिसायला अगदी नीटनेटके, जोडीला जोडी लागून. दुसऱ्या टोकालाही हाच क्रम, म्हणून टेस्टरचा एकचा दिवा एकला लागला, आठचा आठला. पण इथरनेट पिना अशा क्रमाने वापरत नाही. एक आणि दोन ही एक जोडी, तीन आणि सहा ही दुसरी, चार आणि पाच तिसरी, सात आणि आठ चौथी. मधल्या चार-पाचवर टेलिफोनची जुनी जोडी असे. तिच्या दोन्ही बाजूंनी पुढची जोडी बसवली, म्हणून तीन आणि सहा अशी फारकत आली.

शाळेतल्या केबलीत तीनवर पांढरा-हिरवा होता आणि सहावर निळा. म्हणजे एकाच संदेशाच्या दोन तारा दोन वेगळ्या जोड्यांतून गेल्या. त्या दोघी एकमेकींभोवती पिळलेल्या नव्हत्याच. उलट तीनची तार चारच्या तारेभोवती पिळलेली आणि सहाची तार पाचच्या तारेभोवती. गिगाबिट चारही जोड्या वापरते, तेव्हा तीन-सहावरचा संदेश चार-पाचवर जवळजवळ थेट उतरतो, कारण त्या तारा शेवटपर्यंत एकमेकींना घट्ट वेटाळून जातात. जो पीळ गळती थांबवण्यासाठी दिला तोच इथे गळती पोहोचवतो. यालाच स्प्लिट पेअर म्हणतात. वेग ठरवण्याची सुरुवातीची बोलणी मंद स्पंदांवर चालतात, ती अशा केबलीवरही पार पडतात, म्हणून दिवा लागतो. खरा संदेश सुरू झाला की गिगाबिट टिकत नाही आणि यंत्रे शंभरवर उतरतात. शंभरला एक-दोन आणि तीन-सहा एवढ्याच जोड्या लागतात. पण तीन-सहाला पिळाचे संरक्षण नाही, म्हणून तिथेही चुका होत राहतात. पाच-सात मीटरच्या तुकड्यात हीच चूक असती तर कदाचित वर्षानुवर्षे कुणाला कळलीही नसती.

साध्या टेस्टरला हे दिसत नाही, कारण तो तार जोडलेली आहे की नाही एवढेच सांगतो. कोणती तार कोणत्या तारेभोवती पिळलेली आहे, हे त्याला कळायला मार्ग नाही. पण संगणकावरूनच संशय पक्का करता येतो. पिंगचे लहान आणि मोठे पॅकेट पाठवून फरक बघायचा :

```
ping -n 200 -l 32 192.168.1.1
ping -n 200 -l 1400 192.168.1.1
```

पत्ता आपल्या राउटरचा घालायचा. समजा केबलीत दर लाख बिटांमागे एक बिट चुकतो. ३२ बाइटचे पिंग तारेवर सुमारे सहाशे बिटांचे होते, ते बिघडण्याची शक्यता हजारात सहा. १४०० बाइटचे पिंग साडेअकरा हजार बिटांचे, ते दहात एकदा बिघडते. एक जरी बिट चुकला तरी अख्खे पॅकेट फेकले जाते. म्हणून लहान पिंग नीट आणि मोठे पिंग गळते, असे दिसले की दोष तारेत शोधावा, इंटरनेटवाल्याकडे नव्हे. लिनक्स असेल तर `ethtool -S eth0` मध्ये सीआरसी चुकांचा आकडा वाढताना दिसतो, चांगल्या स्विचच्या पानावरही तो असतो.

शाळेत दोन्ही टोकांचे प्लग कापले आणि नवे बसवले : पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. त्याच केबलीवर गिगाबिट आले आणि मोठे पिंग गळायचे थांबले.

आता श्रेण्यांकडे. केबलीची श्रेणी मुख्यतः दोन गोष्टींच्या शर्यतीतून ठरते. दूरच्या टोकाहून येणारा संदेश वाटेत क्षीण होत जातो. आणि माझ्या टोकावर, जिथे तो सर्वांत क्षीण असतो, तिथेच मी माझा ताजा, जोरकस संदेश शेजारच्या जोडीवर पाठवत असतो. त्याची गळती माझ्याच रिसीव्हरवर येते. ही जवळच्या टोकाची गळती, म्हणजे तंत्रज्ञांच्या बोलण्यातले नेक्स्ट. वारंवारता वाढवत गेलो की क्षीणता वाढते आणि गळतीही वाढते. म्हणजे संदेश वरून खाली येतो, गोंगाट खालून वर चढतो, आणि जिथे दोघे भेटतात तिथे केबलीची उपयुक्तता संपते.

कॅट-५ई च्या पूर्ण शंभर मीटर मार्गाचे आकडे घेऊ. दहा मेगाहर्ट्झला संदेश आणि गळती यांच्यात सुमारे चाळीस डेसिबेलचे अंतर असते, म्हणजे शक्तीत दहा हजार पटींचे. शंभर मेगाहर्ट्झला मानकानुसार संदेश २४ डेसिबेलपर्यंत घटू शकतो, म्हणजे पाठवलेल्या शक्तीचा अडीचशेवा भाग हाती येतो. गळती किमान ३०.१ डेसिबेल खाली असावी लागते, म्हणजे पाठवलेल्या शक्तीचा हजारावा भाग. हजाराव्या भागाच्या गोंगाटात अडीचशेवा भाग ऐकायचा, म्हणजे संदेश गोंगाटाच्या जेमतेम चौपट. तिन्ही शेजारी जोड्यांची गळती एकत्र धरली तर दुप्पटच. आता कॅट-६. त्याच शंभर मेगाहर्ट्झला घट २१.३ आणि गळती ३९.९ डेसिबेल खाली, म्हणजे संदेश गोंगाटाच्या सत्तर पट. घटीत फरक थोडासाच आहे, कमाई जवळजवळ सगळी गळतीत आहे. पीळ अधिक घट्ट करून, जोड्यांमध्ये प्लास्टिकचा अधिकचिन्हासारखा दांडा घालून त्यांना एकमेकींपासून दूर ठेवून आणि जॅकमधली भूमिती सुधारून ती मिळवली आहे. म्हणूनच कॅट-६ ची मोजणी २५० मेगाहर्ट्झपर्यंत नेता आली.

वऱ्हाडात या हिशेबात उन्हाळा धरावाच लागतो. वरचे आकडे वीस अंश सेल्सियसचे आहेत. तापमान चाळीसपर्यंत चढले तर दर अंशाला घट ०.४ टक्क्याने वाढते, चाळीस ते साठमध्ये ०.६ टक्क्याने. अकोला-पातूरकडे मे महिन्यात दुपारी हवेचेच तापमान अनेकदा पंचेचाळीसच्या आसपास जाते. पत्र्याखालून नेलेली केबल साठला पोहोचणे सहज शक्य आहे. साठला घट वीस टक्के वाढते. कॅट-५ई चा पूर्ण मार्ग असा तापला तर २४ चे २८.८ डेसिबेल होतात. गळती मात्र तेवढीच राहते, कारण ती प्लगजवळच्या पहिल्या काही मीटरांत घडते. एका जोडीशी तुलना केली तर अंतर सव्वा डेसिबेलवर येते. तिन्ही जोड्यांची गळती एकत्र धरली तर गोंगाट संदेशाच्या वर जातो. म्हणून मानक सांगते की साठ अंशांना भिंतीतल्या कायम केबलीची लांबी नव्वदऐवजी पंच्याहत्तर मीटर धरावी. नव्वद मीटर मोजून देणारा ठेकेदार पुण्याच्या वातानुकूलित इमारतीत बरोबर असतो. आपल्या पत्र्याच्या व्हरांड्यात तो नियम तसाच चालत नाही. शक्य असेल तर केबल पत्र्याखालून न नेता खालून, सावलीच्या भिंतीतून न्यावी.

मग कॅट-५ई वर गिगाबिट चालते कसे? १९९९ च्या मानकाने एक वेगळा डाव टाकला. चारही जोड्यांवर दोन्ही दिशांनी एकाच वेळी संदेश पाठवायचा आणि गळतीचा बंदोबस्त गणिताने करायचा. चिपला ठाऊक असते की आपण इतर तीन जोड्यांवर काय पाठवले आहे. त्याची गळती आपल्या रिसीव्हरवर कशी उमटते हे ती सुरुवातीलाच मोजते आणि येणाऱ्या संदेशातून तेवढे वजा करत राहते. पिळाने तांब्यात जी वजाबाकी होते, तिचाच दुसरा हप्ता सिलिकॉनमध्ये होतो. शिवाय गिगाबिटची बरीचशी शक्ती शंभर मेगाहर्ट्झच्या बरीच खाली असते. बीएसएनएलच्या टेलिफोन जोडीवरून घरी आलेल्या एडीएसएल ब्रॉडबँडने दुसरी युक्ती वापरली होती. जाणारा आणि येणारा संदेश वेगळ्या वारंवारतांवर ठेवला की स्वतःचा जोरकस आवाज ऐकण्याच्या पट्ट्यात येतच नाही, आणि तिथे पीळ सैल असूनही किलोमीटरभर अंतर निभावते. किंमत वेगाची.

गणिताची वजाबाकीही एका ठिकाणी थांबते. मोठ्या इमारतीत चोवीस केबली एका बंडलात घट्ट बांधलेल्या असतात. शेजारच्या केबलीतल्या निळ्या जोडीची गळती माझ्या निळ्या जोडीवर येते. दोन्ही एकाच कारखान्यातल्या, म्हणून दोघींचा पीळ अगदी सारख्या लांबीचा, म्हणजे पावलात पाऊल. आणि त्या केबलीवर काय चालले आहे ते माझ्या चिपला माहीत नाही, म्हणून वजा करता येत नाही. याला एलियन क्रॉसटॉक म्हणतात. २००६ मध्ये दहा गिगाबिटचे तांब्यावरचे मानक आले तेव्हा हीच खरी भिंत ठरली. कॅट-६ वर दहा गिगाबिट पूर्ण शंभर मीटर जात नाही. बंडल कसे आहे त्यानुसार सदतीस ते पंचावन्न मीटरपर्यंत जाते. ही अडचण ओलांडण्यासाठी २००८ ची कॅट-६ए आली. तिची मोजणी पाचशे मेगाहर्ट्झपर्यंत, आणि आवरण जाड. बऱ्याच बिनशील्डच्या कॅट-६ए केबलीत तो जाडपणा मुख्यतः शेजारणीला दूर ठेवण्यासाठीच असतो. कॅट-८ दोन हजार मेगाहर्ट्झपर्यंत जाते, पण तीस मीटरच. डेटा सेंटरबाहेर तिचे काम नाही, आणि शाळेला वा दवाखान्याला कुणी ती विकत असेल तर घेऊ नये.

यातून एक व्यवहारी गोष्ट निघते. श्रेणी केबलीच्या खोक्यावर छापलेली असते, पण मिळते ती पूर्ण मार्गाला, आणि मार्गाची श्रेणी त्यातल्या सर्वांत कमकुवत जोडणीइतकीच असते. कॅट-६ केबलीला कॅट-५ई चा जॅक लावला की मार्ग कॅट-५ई चा झाला. बिघाडही बहुधा जोडणीतच सापडतो, कारण गळती टोकालाच सर्वांत जास्त बोचते. पंचिंग करताना बोटाच्या सोयीसाठी दोन-तीन इंच पीळ सोडून तारा सरळ केलेल्या मी अनेक ठिकाणी पाहिल्या आहेत. मानकाची मर्यादा तेरा मिलिमीटर आहे, म्हणजे अर्धा इंच. तेवढ्याच तुकड्यात तारा सुट्या असाव्यात, त्यामागे पीळ जसाचा तसा. केबल टाय इतकी आवळू नये की आवरण चेपून जोड्या एकमेकींवर दबतील. वळण केबलीच्या जाडीच्या चौपटीपेक्षा लहान नको, नाहीतर आतल्या जोड्या जागेवरून सरकतात.

बाजारातली आणखी एक लबाडी इथे सांगायलाच हवी, कारण ती शर्यतीची दुसरी बाजू बिघडवते. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल कॅट-६ म्हणून निम्म्या भावात मिळते. तिची तार ब्लेडने खरवडली की आतून पांढरी निघते. तिचा रोध तांब्याच्या दीडपटीच्या वर असतो. कॅमेऱ्याला किंवा वायफायच्या डब्याला केबलीतूनच वीज द्यायची असेल तर तेवढीच वीज वाटेत जास्त उष्णता करते आणि दूरच्या टोकाला दाब कमी मिळतो. तापलेल्या केबलीत संदेशही अधिक क्षीण होतो. गळती आहे तेवढीच राहते आणि अंतर आणखी घटते.

काम घेताना मागायचे काय? दिव्यांचा टेस्टर पुरत नाही हे वर दिसलेच. खरा दाखला प्रमाणपत्र देणाऱ्या मीटरचा असतो. तो प्रत्येक मार्गाची वारंवारतेनुसार घट आणि प्रत्येक दोन जोड्यांमधली गळती मोजतो, मर्यादेच्या रेषेशी ताडून पास किंवा फेल सांगतो आणि फेल असेल तर गळती किती मीटरवर आहे तेही दाखवतो. हे मीटर लाखांत जाते, तालुक्याच्या ठेकेदाराकडे ते क्वचितच असते. पण अकोला किंवा अमरावतीहून ते भाड्याने आणता येते, आणि चाळीस-पन्नास पॉइंटच्या कामात तो खर्च करारातच लिहून घ्यावा. लहान कामात निदान दोन गोष्टी स्वतः कराव्यात. प्रत्येक प्लगमधले रंग डोळ्यांनी तपासावेत, विशेषतः तीन आणि सहावर एकाच रंगाची जोडी आहे ना ते. आणि दोन लॅपटॉप दोन टोकांना लावून `iperf3` ने दहा मिनिटे गिगाबिट भरून पाहावे. वेग नऊशेच्या वर स्थिर राहिला आणि चुकांचा आकडा शून्यावर थांबला, तर मार्ग गिगाबिट पेलतो असे समजावे. ही तपासणी दुपारी दोन वाजता, पत्रा तापलेला असताना करावी.